नवीन फोनवर ऑथेंटिकेटरचा कोड दिसतोय पण चालत नाही, आता काय करायचं

प्रश्न: नवीन फोन घेतला, जुन्यावरून सगळं ट्रान्सफर झालं. ऑथेंटिकेटर ॲपमध्ये माझं गुगल अकाउंट दिसतंय, कोडही बदलत राहतो, पण टाकला की चुकीचा म्हणतंय. दहा-बारा वेळा टाकून झालं. जुना फोन रिसेट करून देऊन टाकलाय. बॅकअप कोडची प्रिंट सापडली, त्यातला पहिला टाकला तर तोही घेतला नाही. लॅपटॉपवर मेल अजून उघडतोय. दीड वर्षापूर्वी सिक्युरिटीचं सगळं नव्याने सेट केलं होतं एवढं आठवतंय. काय करू?

उत्तर:

पुढचं सगळं निवांत वाचा, पण त्याआधी एक काम: लॅपटॉपवर जो मेल उघडतोय तिथून लॉगआउट करू नका. कुकीज, हिस्टरी साफ करू नका, ब्राउझर "स्वच्छ" करणारं कुठलंही सॉफ्टवेअर चालवू नका, आणि घाबरून पासवर्ड बदलायला जाऊ नका, कारण पासवर्ड बदलला की बऱ्याच ठिकाणचं लॉगिन आपोआप तुटतं. तो उघडा लॅपटॉप म्हणजे सध्या तुमच्या हातातली सगळ्यात मोलाची वस्तू आहे, बॅकअप कोडच्या प्रिंटपेक्षाही.

दुसरं, कोड टाकत राहणं आता थांबवा. सहा आकडी कोड कुणी अंदाजाने टाकत बसू नये म्हणून सर्व्हर चुकीचे प्रयत्न मोजत असतो आणि ठराविक प्रयत्नांनंतर काही काळ बरोबर कोडही नाकारू शकतो. तो काळ किती ते साइटप्रमाणे बदलतं. दहा-बारा प्रयत्नांनंतर तुमच्या प्रिंटवरचा तो पहिला कोड खरंच खराब होता की दारच तात्पुरतं बंद होतं, हे आता सांगता येणार नाही. म्हणून काही तास, जमलं तर रात्रभर, काहीही टाकू नका. मी ऑफिसात गेली बरीच वर्षं लोकांची अडकलेली अकाउंट सोडवण्याचं काम करतो आणि निम्म्या केसेसमध्ये मूळ अडचण छोटी असते, पुढच्या तासाभरातल्या घाईने ती मोठी होते.

आता मूळ गोष्ट. बहुतेकांना वाटतं की कोड गुगलकडून फोनवर येतो, जसा एसएमएस येतो तसा. तसं नाहीये. कोड फोनवरच तयार होतो. फोन एअरप्लेन मोडवर टाका, सिम काढून ठेवा, ॲप तरी दर ३० सेकंदांनी नवा कोड दाखवत राहील. पहिल्यांदा क्यूआर कोड स्कॅन केला तेव्हा त्या चौकोनातून एक लांबलचक गुप्त किल्ली फोनमध्ये उतरली आणि तीच किल्ली गुगलच्या सर्व्हरवरही ठेवली गेली. त्यानंतर दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. फोन आपल्याकडची किल्ली आणि आत्ताची वेळ घेऊन एक गणित करतो, सर्व्हर त्याच्याकडची किल्ली आणि त्याची वेळ घेऊन तेच गणित करतो, उत्तर जुळलं तर दार उघडतं. ही पद्धत २०११ साली आरएफसी ६२३८ या नावाने प्रसिद्ध झाली आणि जवळजवळ सगळी ऑथेंटिकेटर ॲप्स तीच वापरतात, म्हणून एका कंपनीचं ॲप दुसऱ्या कंपनीच्या साइटला चालतं.

क्यूआरच्या आत साधारण असा मजकूर असतो, ही फक्त नमुन्याची किल्ली आहे:

```
otpauth://totp/Example:me@example.com?secret=JBSWY3DPEHPK3PXP&issuer=Example
```

यातलं नाव आणि ईमेल फक्त तुम्हाला दिसावं म्हणून आहे, गणितात ते येतच नाही. कामाचा भाग फक्त `secret=` च्या पुढचा. तुमच्या ॲपमध्ये "गुगल" असं नाव दिसतंय, तुमचा ईमेल दिसतोय, कोड फिरतोय, याचा अर्थ तिथे *कुठलीतरी* किल्ली आहे एवढंच. सर्व्हरकडे आज जी आहे तीच ही आहे का, हे ॲपला माहीत नसतं आणि ते कधी सांगतही नाही. रद्द झालेल्या किल्लीचा कोडसुद्धा तितक्याच रुबाबात फिरत राहतो.

म्हणजे कोड नाकारला जायची मुख्य कारणं दोनच उरतात, वेळ चुकलीय किंवा किल्ली चुकलीय. यातलं कोणतं ते ओळखायची एक सोपी खूण आहे, आणि ती लोक वापरत नाहीत याचं मला कायम आश्चर्य वाटतं. त्याच ॲपमध्ये दुसऱ्या साइटच्या नोंदी असतील ना, त्यातली एखादी वापरून बघा. फोनचं घड्याळ एकच असतं, सगळ्या नोंदी तेच वापरतात. घड्याळ चुकलं असेल तर सगळ्याच साइट कोड नाकारतील. बाकीच्या साइट कोड घेतायत आणि एकच नाकारतेय, तर घड्याळ ठीक आहे, त्या एका नोंदीची किल्ली जुनी आहे. फक्त हा प्रयोग करताना जिथे आधीच लॉगिन आहात तिथून बाहेर पडू नका, खाजगी विंडो उघडून तिथे लॉगिन करून बघा.

घड्याळाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण यात एक चकवा आहे. सर्व्हर वेळेचे ३० सेकंदांचे तुकडे पाडतो आणि साधारणपणे आत्ताचा तुकडा, एक मागचा, एक पुढचा एवढंच मान्य करतो. काही सेकंद मागेपुढे चालतं, दोन-तीन मिनिटं चालत नाही. आता चकवा असा की फोनवरची वेळ डोळ्यांना बरोबर दिसू शकते आणि तरी चुकलेली असते. आमच्याकडे एका सहकाऱ्याचा नवा फोन आला, त्यात टाइमझोन एक तासाने चुकीचा निवडला गेला होता, घड्याळ तासभर पुढे दिसत होतं, म्हणून त्याने हाताने एक तास मागे घेतलं. झालं, भिंतीवरच्या घड्याळाशी अगदी जुळलं. पण ऑथेंटिकेटर भिंतीवरची वेळ बघत नाही, तो जगभर एकच असलेली यूटीसी वेळ बघतो आणि ती आता ३६०० सेकंदांनी चुकली होती. ३६०० भागिले ३०, म्हणजे १२० तुकडे मागे. सर्व्हर एक तुकडा मागे बघणार, हा १२० तुकडे मागे. त्याचे सगळेच्या सगळे कोड नाकारले जात होते आणि तो तीन दिवस ॲप काढून टाकून पुन्हा टाकायच्या विचारात होता, सुदैवाने टाकलं नाही.

म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये तारीख आणि वेळ आपोआप, *आणि* टाइमझोन आपोआप, अशी दोन्ही बटणं चालू करा, फोन एकदा रीस्टार्ट करा. खात्री हवी असेल तर फोनच्या ब्राउझरमध्ये `time.is` उघडा, तुमचं घड्याळ किती सेकंद पुढे-मागे आहे ते तिथे दिसतं. हे केल्यावर, आणि मघाशी म्हटलेली विश्रांती झाल्यावर, एकच कोड टाका, तोसुद्धा नवा कोड आल्या आल्या, शेवटचे चार सेकंद उरलेला नाही. चालला तर तुमचं काम झालं, तरी खालचं नवीन बॅकअप कोडचं मात्र वाचा.

पण खरं सांगायचं तर तुमच्या केसमध्ये मला घड्याळ वाटत नाही. तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं, दीड वर्षापूर्वी सगळं नव्याने सेट केलं होतं ते. तेव्हा तुम्ही गुगलचा नवा क्यूआर स्कॅन केला असणार, त्या क्षणी सर्व्हरने जुनी किल्ली फेकून नवी ठेवली. त्यानंतर जुन्या फोनवर दोन नोंदी झाल्या असतील, एक मेलेली, एक जिवंत, किंवा नवी नोंद त्या फोनपुरतीच राहिली असेल. आणि ॲपचा बॅकअप जर त्याआधीच कधीतरी बंद पडला असेल, किंवा दुसऱ्याच अकाउंटला जोडलेला असेल, तर नव्या फोनने त्या जुन्या बॅकअपमधून मेलेली किल्ली उचलली. गुगलच्या ऑथेंटिकेटरला अकाउंटसोबत सिंक व्हायची सोय एप्रिल २०२३ मध्ये आली, त्याआधी एका फोनवरून दुसऱ्यावर हाताने क्यूआर दाखवून न्यावं लागायचं, त्यामुळे अर्ध्या नोंदी सिंक झालेल्या आणि अर्ध्या नाही असे फोन मी भरपूर बघितलेत. हा अंदाज आहे, तुमचा जुना फोन समोर नाही त्यामुळे शंभर टक्के सांगता येणार नाही. जुना फोन असता तर दोन्ही फोन शेजारी ठेवून एकाच क्षणी कोड बघितले असते. घड्याळं बरोबर असताना आकडे वेगळे, तर किल्ल्या वेगळ्या, विषय संपला.

याचाच एक भाऊ आहे, तोही सांगून ठेवतो कारण पुढे नव्याने जोडताना तुम्ही यात अडकू शकता. क्यूआर स्कॅन केला, ॲपमध्ये नोंद आली, छान वाटलं आणि माणसाने ती विंडो बंद केली. पण साइट त्यानंतर एक कोड टाकून खात्री करायला सांगत असते, तो कोड टाकला जाईपर्यंत सर्व्हर नवी किल्ली स्वीकारतच नाही, जुनीच धरून बसतो. म्हणजे फोनवर नवी, सर्व्हरवर जुनी. आमच्या एका बाईंनी असं तीनदा केलं होतं, ॲपमध्ये एकाच नावाच्या चार नोंदी, आणि त्यातली चालणारी एकच, सगळ्यात जुनी, जी त्यांनी "जुनी आहे" म्हणून डिलीट करायला घेतली होती.

किल्ली चुकलेली असेल तर त्या नोंदीत दुरुस्त करण्यासारखं काहीच नसतं. ॲप अपडेट करून, पुन्हा टाकून, कोड हळू किंवा भरभर टाकून काही होत नाही. सर्व्हरकडची सध्याची किल्ली तुम्हाला पुन्हा दाखवली जात नाही, ते मुद्दामच तसं आहे. रस्ता एकच, दुसऱ्या कुठल्यातरी पद्धतीने आत जायचं आणि नवी किल्ली तयार करून घ्यायची.

आत जायला आधी लॅपटॉप. तिथे ब्राउझरमध्ये `myaccount.google.com/security` उघडा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनच्या पानावर जायचा प्रयत्न करा. हे नाजूक पान असल्यामुळे मेल उघडत असला तरी इथे पासवर्ड पुन्हा विचारतीलच, आणि कधी कधी दुसरी पायरीही विचारतात. नुसत्या पासवर्डवर उघडलं तर बॅकअप कोड खर्चायची गरजच नाही, सरळ नव्याने जोडणीवर जा. दुसरी पायरी विचारली तर तिथे `Try another way` असतं, ते दाबलं की तुमच्या अकाउंटला जे जे पर्याय लावलेले आहेत त्यांची यादी येते. नंबर तोच असेल आणि तो तुम्ही नोंदवलेला असेल तर एसएमएसचा पर्याय दिसेल, एखाद्या टॅबलेटवर लॉगिन असेल तर तिथे होकार द्यायचा पर्याय दिसेल. कोणाला काय दिसेल ते त्याने पूर्वी काय लावलंय त्यावर आहे. यातलं काहीच नसेल तर बॅकअप कोड.

बॅकअप कोडबद्दल. गुगल एका वेळी १० कोड देतं, प्रत्येक ८ आकडी, मध्ये जागा सोडून छापलेले असतात, ती जागा टाकली काय नाही टाकली काय फरक पडत नाही. प्रत्येक कोड एकदाच चालतो. तुम्ही पहिला टाकलात आणि नाही चालला, तर माझा पहिला संशय हा की तो पूर्वी कधीतरी वापरलेला आहे, कारण प्रत्येक जण पहिल्यापासूनच सुरुवात करतो आणि वापरल्यावर त्यावर काट मारायची बहुतेकांना आठवण राहत नाही. म्हणून आता यादीच्या तळाचा घ्या, दहावा. सहा आकडी कोडच्या रकान्यात नाही टाकायचा, `Try another way` मधून ८ आकडी बॅकअप कोडचा पर्याय निवडून तिथे टाकायचा. एखादा आकडा चुकू नये म्हणून दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा, मी फोनवरून लोकांना मदत करताना नेहमी असंच करायला लावतो.

दहावा चालला नाही तर नववा टाका, आणि तोही नाही चालला तर तिथेच थांबा. दोन न वापरलेले कोड सलग नाकारले गेले तर बहुधा अख्खी प्रिंटच मेलेली आहे. नवीन संच काढला की जुना पूर्ण संच त्याच क्षणी रद्द होतो, त्यातले न वापरलेले कोडसुद्धा. दीड वर्षापूर्वी सगळं नव्याने करताना तुम्ही नवा संच काढला असेल आणि तुमच्या हातातली प्रिंट त्याआधीची असेल, तर ती कितीही टाका, उपयोग नाही. प्रिंटवर तारीख किंवा ईमेल आहे का बघा, घरातल्या दुसऱ्याच कुणाच्या अकाउंटचे कोड निघाल्याचंही मी बघितलंय. आणि नवा संच कुठेतरी असू शकतो, कारण गुगलवरून तो डाउनलोड केला तर फाइलचं नाव `Backup-codes-` ने सुरू होतं आणि पुढे तुमचं युजरनेम असतं. लॅपटॉपवर, जुन्या पेनड्राइव्हवर `Backup-codes` असं शोधा. गिटहबवाले असाल तर तिथे फाइल `github-recovery-codes.txt` या नावाने उतरते. हा शोध पाच मिनिटांचा आहे आणि याने मी दोन माणसं अक्षरशः वाचवलीत, दोघांनाही आपण ती फाइल कधी उतरवली होती हेच आठवत नव्हतं.

समजा दहावा कोड चालला आणि तुम्ही आत गेलात. इथे लोक सुटकेचा श्वास टाकतात, मेल बघतात आणि उद्या करू म्हणून बंद करतात. असं करू नका हो. एक बॅकअप कोड म्हणजे एकदाच उघडणारं दार आहे, उघडलंय तोवर सगळं काम त्याच बैठकीत उरकायचं. आणि टू-स्टेप बंद करून पुन्हा चालू करू असाही विचार करू नका, गुगलला त्याची गरज नाही. बंद केलंत तर मधल्या वेळात अकाउंट नुसत्या पासवर्डवर उघडं राहतं. काही लहान साइटवर मात्र बंद करून पुन्हा लावण्याशिवाय दुसरा पर्यायच नसतो, तिथे दोन्ही पायऱ्या लागोपाठ करा.

टू-स्टेपच्या पानावर ऑथेंटिकेटर हा भाग उघडा, तिथे `Change authenticator app` दिसेल. ते दाबलं की नवीन क्यूआर येतो. तो लगेच स्कॅन करू नका, आधी नव्या फोनवर ॲप उघडून तुमच्या त्या मेलेल्या नोंदीचं नाव बदला, "गुगल जुनी" असं काहीतरी. कारण स्कॅन केल्यावर दुसरी नोंद त्याच नावाने आणि त्याच ईमेलने येणार आणि मग दोन सारख्या दिसणाऱ्या नोंदींपैकी खरी कोणती हे ओळखताना हात चुकतो. नाव बदललं की स्कॅन करा.

स्कॅन होत नसेल, किंवा क्यूआर त्याच फोनच्या स्क्रीनवर उघडलाय आणि स्कॅन करणार कशाने अशी अडचण असेल, तर `Can't scan it?` दाबून किल्ली अक्षरात घेता येते. ती हाताने टाकताना एक लक्षात ठेवा, या किल्लीत फक्त इंग्रजी अक्षरं आणि २ ते ७ हेच अंक असतात. शून्य, एक, आठ, नऊ कधीच येत नाहीत. म्हणजे शून्यासारखं काही दिसलं तर ते नक्की `O` आहे, आणि आठसारखं वाटलं तर ते `B`. ॲपमध्ये टाकताना प्रकार वेळेवर आधारित असाच निवडायचा, काउंटरवर आधारित निवडला तर कोड दिसेल पण जुळणार नाही.

ही किल्ली कागदावर लिहून ठेवावी का? मी ठेवतो, कारण मग फोन हरवला तरी कुठल्याही नव्या फोनवर तीच नोंद पुन्हा तयार करता येते. पण ज्याच्या हाती तो कागद पडेल त्यालाही ते जमेल, आणि तुम्हाला कळणारही नाही. तुमच्याकडे कागद खरंच सुरक्षित राहत असेल तर लिहा, नाहीतर बॅकअप कोडवरच विसंबा. स्क्रीनशॉट मात्र नको, तो फोटोंच्या बॅकअपसोबत कुठे कुठे जाऊन बसतो ते आपल्याला समजतही नाही. इथे मदत मागताना क्यूआरचा फोटो टाकणारेही असतात, कृपया तसं करू नका, तो फोटो म्हणजे खुद्द किल्ली आहे.

मग पुढे जा आणि ॲपमधला नवा कोड साइटवर टाकून खात्री करा. ही ती पायरी, जी वरच्या बाईंकडून तीनदा राहिली. क्यूआर स्कॅन केलेला असून इथे नव्या नोंदीचा कोड नाकारला गेला तर बहुधा घड्याळातच गडबड आहे, कारण किल्ली तर याच मिनिटाला आलेली आहे; किल्ली हाताने टाकली असेल तर मात्र आधी अक्षरं पुन्हा तपासा. टाइमझोन पुन्हा बघा. कोड स्वीकारला गेला की सर्व्हरने जुनी किल्ली टाकली आणि नवी घेतली.

आता त्याच बैठकीत बॅकअप कोडचा नवा संच काढा. हा क्रम मुद्दाम असा सांगतोय, आधी ऑथेंटिकेटर, मग बॅकअप कोड. काही वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या एका अकाउंटवर मी उलटं केलं होतं. आत शिरल्या शिरल्या नवे कोड काढले, प्रिंट नंतर करू म्हणून पान तसंच ठेवलं, नवीन फोन जोडायला गेलो आणि तेवढ्यात ब्राउझर बंद पडला. जुने कोड रद्द झालेले, नवे कुठेच लिहिलेले नाहीत आणि ऑथेंटिकेटर अजून जुनाच. पूर्ण आठवडा गेला ते अकाउंट परत मिळवण्यात आणि त्या आठवड्यात माझं बरंच काम अडलं. तेव्हापासून नवे कोड पडद्यावर आले की पुढचं बटण दाबण्याआधी ते कागदावर आलेले असतात. कागदावर तारीख आणि कोणत्या अकाउंटचे हे लिहा, जुनी प्रिंट फाडून टाका. पुढे एखादा वापरलात तर त्यावर काट मारून शेजारी तारीख. आणि हे कोड फोनमध्येच ठेवू नका, फोन गेल्यावरच तर ते लागणार आहेत. त्याच मेलमध्ये स्वतःला पाठवून ठेवणं हेही तसंच, कुलूपबंद पेटीची किल्ली पेटीतच.

शेवटची चाचणी, पण लॅपटॉपवरचं लॉगिन तसंच उघडं ठेवून. त्याच ब्राउझरमध्ये खाजगी विंडो उघडा, पासवर्ड टाका, नव्या नोंदीचा कोड टाका. आत गेलात तर जोडणी पक्की. नाही गेलात तरी शेजारची उघडी विंडो आहेच, तिथून दुरुस्त करता येतं. चाचणीसाठी बॅकअप कोड वापरून बघू नका, एक कोड फुकट जाईल. एखादा नुकताच वापरलेला सहा आकडी कोड लगेच दुसऱ्यांदा टाकला तर तोही नाकारला जाऊ शकतो, त्या पद्धतीचा नियमच असा आहे की एक कोड एकदाच स्वीकारायचा. त्यामुळे चाचणीला ३० सेकंद थांबून पुढचा कोड घ्या, नाहीतर उगाच छातीत धस्स होईल. चाचणी पास झाली की मगच "गुगल जुनी" ही नोंद डिलीट करा. ॲप सिंक होत असेल तर डिलीट केलेली नोंद दुसऱ्या उपकरणांवरूनही जाते, म्हणून दाबण्याआधी नाव दोनदा वाचा.

लॅपटॉपही नाही म्हणाला आणि कुठलाच बॅकअप कोड चालला नाही, तर मग गुगलचं अकाउंट रिकव्हरीचं पान, `g.co/recover`. ते याच लॅपटॉपवरून, याच ब्राउझरमधून, नेहमीच्या वायफायवरून भरा. तिथे तुमची ओळख पटवायला हेही बघितलं जातं की हे उपकरण आणि हे नेटवर्क तुमचं ओळखीचं आहे का. उत्तर यायला काही दिवस लागू शकतात आणि मिळेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. "आम्ही काढून देतो" म्हणणारा कोणीही भेटला, पैसे किंवा कोड मागू लागला, तर तो चोर आहे असंच समजा. अकाउंट ऑफिसचं असेल तर मात्र यातलं काही करत बसू नका, तुमच्या ॲडमिनला सांगा, तो तिकडून बॅकअप कोड काढून देऊ शकतो. काही साइट तर बॅकअप कोड गेले की सपोर्टकडूनही अकाउंट परत देत नाहीत, गिटहबने हे स्पष्ट लिहून ठेवलेलं आहे.

गुगलचं झालं की एक काम उरतं, आणि ते या आठवड्यातच करा. नव्या फोनवरच्या बाकीच्या सगळ्या नोंदी त्याच जुन्या बॅकअपमधून आल्या असतील, तर त्यातल्या आणखी एक-दोन मेलेल्या असण्याची चांगलीच शक्यता आहे, आणि ते तुम्हाला तेव्हाच कळेल जेव्हा त्या साइटने लॉगिन मागितलं. एकेक साइट घ्या, जिथे अजून लॉगिन आहात तिथून बाहेर न पडता खाजगी विंडोत कोड टाकून बघा. घेतला तर नोंदीच्या नावापुढे "तपासली" असं लिहा. नाकारला तर उघड्या लॉगिनमधून तिथेच नवा क्यूआर काढा, तिथे बॅकअप कोडचीही गरज पडणार नाही बहुतेक. आणि पहिल्या प्रयोगात दुसऱ्या साइटचे कोड चालले की नाही ते इथे खाली कळवा, नाही चालले तर माझा वरचा अंदाज चुकलाय आणि आपल्याला घड्याळापासून पुन्हा बघावं लागेल.